शंभरपैकी एकशे चार

कमिटीला एक पान हवं होतं. एकच. पाठपोट नको, बारीक अक्षर नको, आणि चेअरमनच्या शब्दांत सांगायचं तर "ते फायनान्सचं इंग्रजी-बिंग्रजी नको, माणसाला कळेल असं."

हे सांगताना चेअरमनने 'माणसाला' या शब्दावर स्वतःच्या छातीवर हात ठेवला होता, आणि पुतणीच्या मनात पहिली शंका तिथेच आली होती.

पुतणी म्हणजे पाचव्या मजल्यावरच्या घड्याळवाल्या आत्याची पुतणी. सोसायटीत तिला नाव नव्हतं. कमिटी तिला 'पाचशे दोन' म्हणायची, वॉचमन 'ताई' म्हणायचा, आणि आत्या ज्या नावांनी हाक मारायची ती नोटीस बोर्डावर लावण्यासारखी नव्हती. पंपांच्या एका कारखान्यात ती खर्चाचे अंदाज काढायची. कोणता पंप घेतला तर दहा वर्षांत किती वीज खाईल, किती वेळा बंद पडेल, किती वॉशर लागतील, असलं सगळं. कमिटीला एवढं कळलं की हिला आकडे येतात. मग लिफ्टचं काम तिच्याच गळ्यात पडलं, कारण कमिटीत आकडे कुणालाच येत नव्हते आणि त्याचा कुणाला जराही संकोच नव्हता.

कमिटी तिघांची. चेअरमन सातव्या मजल्यावर राहायचा. गेल्या वर्षी त्याने सोसायटीच्या दुरुस्ती फंडातून गेटच्या दोन्ही बाजूंना सिमेंटचे सिंह बसवले होते. फंड संपला तेव्हा उजव्या सिंहाची शेपटी राहिली होती, ती अजून राहिलेलीच आहे. सेक्रेटरी म्हणजे निवृत्त हेडमास्तर. छत्तीस वर्षं त्यांनी निकालपत्रकं भरली होती आणि निवृत्तीनंतरही हात थांबेना, म्हणून दुधाचा हिशेबसुद्धा ते हजेरीपटाच्या वहीत लिहीत. खजिनदार दातांचा डॉक्टर होता. तो खजिनदार झाला कारण त्याच्याकडे पावतीपुस्तक होतं.

लिफ्ट तीस वर्षांची. गेल्या वर्षी ती तुकड्यातुकड्याने एकूण चौतीस दिवस बंद होती. हा आकडा कमिटीकडे नव्हता, पुतणीकडे होता, कारण त्या चौतीस दिवसांत आत्या घरात बसून होती. दोन वर्षांपूर्वी आत्याच्या खुब्याचं हाड मोडलं, आत प्लेट घातली, आणि डॉक्टरांनी जिना कायमचा बंद केला. आत्याचं दुकान रस्त्याच्या कोपऱ्यावर होतं. दुकान म्हणजे काय, हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागतील एवढी खोली, एक काच, एक भिंग आणि शंभरेक बंद घड्याळं. जागेच्या मालकाने करारात एक ओळ घालून ठेवली होती: सलग महिनाभर शटर बंद राहिलं तर चावी परत. ज्यूसवाला मशीन घेऊन तयार बसला होता. येताजाता तो आत्याला विचारायचा, "मावशी, तब्येत कशी आहे?" आणि उत्तर 'छान' आलं की त्याचा चेहरा उतरायचा.

म्हणजे पुतणीला काय हवं होतं ते साधं होतं. लिफ्ट सुधारावी, पण सुधारताना ती महिन्याहून जास्त बंद राहू नये.

पर्याय तीन होते. एक, जुनीच लिफ्ट डागडुजी करून चालवायची. दोन, मोटर, दोर आणि कंट्रोल पॅनल नवं घालायचं आणि डबा जुनाच ठेवायचा. तीन, सगळं उपटून टाकून नवी लिफ्ट बसवायची. चेअरमनचा जीव तिसऱ्यात अडकला होता. त्याच्या मेहुण्याच्या इमारतीतली लिफ्ट बोलते. 'दरवाजा उघडत आहे' असं सांगते. शिवाय आत आरसा आहे.

"आपली पण बोलते की," आत्या म्हणाली होती. "तिसऱ्या मजल्यावर कण्हते."

पुतणीने काम नियमाने केलं. मार्चमध्ये, एकाही कंपनीचा दर यायच्या आधी, तिने कमिटीकडून चार निकष आणि त्यांचं वजन ठरवून घेतलं: सुरक्षितता चाळीस, न बिघडता चालणं पंचवीस, काम चालू असताना लिफ्ट कमीत कमी दिवस बंद राहणं पंचवीस, आणि आतला आराम-दिसणं दहा. बेरीज शंभर. दर आल्यावर वजनं ठरवली की माणूस आपल्याला आवडलेल्या पर्यायाकडे तराजू कलवतो, म्हणून आधी. तिघांनी न वाचता सह्या केल्या. डॉक्टरने सहीखाली सवयीने 'दिवसातून दोनदा' असं लिहिलं, मग खोडलं.

मग दर आले. तिने प्रत्येक पर्यायाला प्रत्येक निकषावर पाचपैकी गुण दिले, ते वजनाप्रमाणे मोजले. डागडुजीला अठ्ठेचाळीस, मोटर-पॅनलला शहात्तर, नव्या लिफ्टला ऐंशी. शेजारच्या रकान्यात दहा वर्षांचा खर्च, म्हणजे आत्ता द्यायचे पैसे अधिक दहा वर्षांची देखभाल. डागडुजी आत्ता तीन लाख, पण पुढे दरवर्षी एक लाख ऐंशी हजार खाणार, म्हणजे एकवीस लाख. मोटर-पॅनल नऊ आणि सहा, पंधरा लाख. नवी लिफ्ट एकोणीस आणि पाच, चोवीस लाख. खर्च तिने मुद्दाम गुणांत मिसळला नाही. किती चांगलं आणि किती महाग हे दोन वेगळे प्रश्न, समोरासमोर ठेवायचे आणि माणसांनी ठरवायचं. खाली एक ओळ: 'पर्याय तीनला पर्याय दोनपेक्षा चार गुण जास्त आहेत, त्या चार गुणांसाठी नऊ लाख जास्त मोजावे लागतील.'

एक पान. अकरा पानांचं टिपण पिळून काढलेलं. तिला स्वतःलाच ते इतकं आवडलं की तिने ते दोनदा छापलं.

हेडमास्तरांनी ते नोटीस बोर्डावर लावण्याआधी 'स्वच्छ' करून घेतलं.

शनिवारी संध्याकाळी सहाला पुतणी ऑफिसमधून आली, तेव्हा बोर्डासमोर पाचसहा माणसं उभी होती आणि तिसऱ्या मजल्यावरचे काका म्हणत होते, "मानलं पाहिजे हं, शंभरपैकी एकशे चार!"

पुतणी पुढे झाली. तक्ता तिचाच होता. फक्त शेवटी एक नवा रकाना होता, लाल शाईने, पट्टीने आखलेला. वर लिहिलं होतं 'एकूण'. खाली गुण आणि लाख यांची बेरीज. अठ्ठेचाळीस अधिक एकवीस, एकोणसत्तर. शहात्तर अधिक पंधरा, एक्याण्णव. ऐंशी अधिक चोवीस, एकशे चार. त्यापुढे शेरा: 'उल्लेखनीय. प्रथम क्रमांक.' मोटर-पॅनलपुढे 'चांगला प्रयत्न'. आणि डागडुजीपुढे, 'अधिक मेहनत घ्यावी'.

बेरीज बरोबर होती. हेडमास्तरांची बेरीज कधी चुकत नसे.

कमिटीची बैठक साडेसहाला पंपाच्या खोलीत भरायची. सोसायटीचं ऑफिस तिथेच होतं: एक टेबल, पाच खुर्च्या, एक बंद भिंतीवरचं घड्याळ आणि दर वीस मिनिटांनी आपोआप चालू होणारा पंप. पंप चालू झाला की सगळे ओरडून बोलत, बंद झाला की काही वेळ तसेच ओरडत राहत.

"या, पाचशे दोन," चेअरमन म्हणाला. "सुंदर काम केलंस. एकदम स्पष्ट. उद्याच्या सर्वसाधारण सभेत बघ, पाच मिनिटांत मंजूर."

"सर, तो शेवटचा रकाना कुणी घातला?"

"मी," हेडमास्तर म्हणाले. "अगं, तू एकूणच काढलं नव्हतंस. तक्ता उघडा दिसत होता. घाईत होतं असं. मी कुणाला बोललो नाही."

"सर, पण गुण आणि लाख यांची बेरीज कशी होईल?"

"का? हातचा घेतलाय मी."

"तसं नाही. गुण जास्त असले तर चांगलं. खर्च जास्त असला तर वाईट. तुम्ही दोन्ही मिळवलेत. म्हणजे जी वस्तू जेवढी महाग, तेवढी ती हुशार ठरतेय."

"मग ठरतेच ना," चेअरमन म्हणाला. "महागाचं ते महागाचंच असतं. मी बूट घेतो तेव्हा बघतो मी."

कारखान्यात तिला शिकवलं होतं की समोरच्याला पटत नसेल तर गोष्ट टोकाला नेऊन दाखवायची. तिने नेली.

"समजा उद्या कुणी हीच लिफ्ट, अगदी हीच, एका कोटीला विकली. शंभर लाख. मग ऐंशी अधिक शंभर, एकशे ऐंशी गुण होतील. म्हणजे तुम्ही ती घ्याल?"

तिघांनी माना हलवल्या. तिला वाटलं, पोचलं.

"एकशे ऐंशी," हेडमास्तर हळूच म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत काहीतरी चमकलं. "अशी लिफ्ट मिळते?"

"तिचं कोटेशन का नाही मागवलंस?" चेअरमनने विचारलं.

पुतणीने पंपाकडे पाहिलं. त्या खोलीत विचार करून चालू-बंद होणारी एकच वस्तू होती, आणि ती ओल्या भिंतीला टेकलेली होती.

डॉक्टरने इतका वेळ मोबाइलवरच्या कॅल्क्युलेटरला तोंड उघडायला लावलं होतं. तो म्हणाला, "थांबा थांबा. पोरगी म्हणते ते मला कळतंय. खर्च वाईट. वाईट म्हणजे वजा. बेरजेच्या जागी वजाबाकी करा. अठ्ठेचाळीस वजा एकवीस, सत्तावीस. शहात्तर वजा पंधरा, एकसष्ट. ऐंशी वजा चोवीस, छप्पन्न. मोटर-पॅनल पहिलं!"

पुतणीच्या घशाशी 'बरोबर' हा शब्द येऊन थांबला. एकसष्ट. तिला हवं तेच. आत्याचं दुकान वाचत होतं, रविवारची सभा उरकत होती. फक्त गप्प बसायचं होतं.

पण ती सवयीने म्हणाली, "तेही चूकच आहे, डॉक्टर. लाखांऐवजी हजारांत लिहिलं तर? ऐंशी वजा दोन हजार चारशे. उणे दोन हजार तीनशे वीस गुण. गुण आणि पैसे एका मापाचेच नाहीत. त्यांची ना बेरीज होत, ना वजाबाकी."

डॉक्टरचा चेहरा पडला. आयुष्यात पहिल्यांदा त्याने दुखू न देता काहीतरी काढलं होतं.

"हिला बेरीज चालत नाही, वजाबाकी चालत नाही," चेअरमन हात पसरून म्हणाला. "मग काय, प्रार्थना करायची? आणि खरं सांगू का, ते 'कमीत कमी दिवस बंद' वगैरेला पंचवीस वजन तू तुझ्या आत्यासाठीच घातलंस. मला काय कळत नाही?"

"वजनं मार्चमध्ये तुमच्या सहीने ठरली. दर यायच्या आधी. ही बघा सही."

चेअरमनने सही पाहिली. "ही माझी सही मी वाचून केलेली दिसत नाही," तो म्हणाला, आणि कागद परत केला.

पंप चालू झाला. हेडमास्तर ओरडून म्हणाले, "बेरीजच राहू दे! उद्या अकराला सभा! त्याआधी काही सुधारणा असेल तर आणून दे! एकच पान!"

रविवारी सकाळी साडेसातला आत्याचं दुकान उघडं होतं. रविवारी लोकांना घड्याळ बंद असल्याचं आठवतं, असा तिचा अनुभव. पुतणी स्टुलावर बसून सगळं सांगत होती, आणि आत्या डोळ्याला भिंग लावून कुणाच्या तरी घड्याळाच्या पोटात बघत होती.

"माठ आहेत ग ते," आत्या म्हणाली. "अख्खी रांगच माठांची. पाणी भरून ठेवावं एकेकात. शंभरपैकी एकशे चार! आणि कुणाच्या चेहऱ्यावरची माशी हलली नाही."

"आणि डॉक्टरच्या वजाबाकीने आपलं काम होत होतं ना?" तिनेच पुढे विचारलं.

"होत होतं."

"मग का नाही होऊ दिलंस, अतिशहाणे?"

पुतणीने पिशवीतून पान काढलं. मग म्हणाली, "चुकीचं होतं ते. पुढच्या वर्षी पाण्याची टाकी घेतील आणि लिटरमधून दिवस वजा करतील."

आत्याने चिमट्याने एक कणभर चाक उचललं. "काटे बोटाने फिरवून घड्याळ चालू असल्यासारखं दाखवता येतं. मलाही येतं. गिऱ्हाईक खूश होऊन जातं आणि दुसऱ्या दिवशी भांडायला येतं. ते राहू दे. तुझं पान दाखव."

पुतणीने पान दिलं. आत्याने भिंग न काढताच ते वाचलं, त्यामुळे तिला एकेक शब्दच दिसत होता, पण ती शब्दाशब्दाला तोंड वाकडं करत होती.

"बारा आठवडे लिफ्ट बंद राहणार, असं तू म्हणाली होतीस ना? नवी बसवली तर? कुठे लिहिलंय ते?"

"हे काय. तिसरा निकष. पर्याय तीनला पाचपैकी एक."

"पाचपैकी एक म्हणजे बारा आठवडे?"

"गुण एक, वजन पंचवीस, म्हणून पाच गुण मिळाले."

"म्हणजे मी बारा आठवडे घरात कोंडले जाणार, माझं दुकान जाणार, इथे तो ज्यूसवाला मोसंबी पिळणार, आणि याला तू पाच गुण दिलेस? वर?"

पुतणीने पान परत घेतलं. बघत राहिली. चौऱ्याऐंशी दिवस त्या पाचात गेले होते, ते पाच त्या ऐंशीत, आणि बाहेरून काही म्हणजे काही दिसत नव्हतं. इतका सफाईदार खड्डा तिने स्वतःच खणला होता. हेडमास्तरांनी त्यावर फक्त लाल झाकण ठेवलं होतं.

"हे बघ," आत्या म्हणाली. "माझ्याकडे बंद घड्याळ येतं. मी गुण सांगते का? मी म्हणते, साफ करून देते, एवढे पैसे, आज मिळेल, पण दर दोन महिन्यांनी याल. आतलं मशीन बदलते, एवढे पैसे, तीन दिवस लागतील, मग बघायला नको. नवं घ्यायचं तर समोरच्या दुकानात जा, तिप्पट पैसे, आणि तो महिनाभर थांबवेल. एवढं सांगितलं की गाढवसुद्धा ठरवतं. चेअरमन गाढवच आहे, पण त्याच्यासमोर गवत ठेव ना. त्याला तू गवताचा तक्ता दिलास."

"तुझ्या मते मीच मूर्ख."

"तू हुशार मूर्ख. ते साधे. साध्यांवर उपाय असतो." आत्याने भिंग काढलं. "चेअरमन कितव्या मजल्यावर राहतो?"

"सातव्या."

"हं," आत्या म्हणाली आणि घड्याळाचं झाकण दाबून बसवलं.

अकराच्या सभेला गच्चीवर वीसेक माणसं होती. तळमजल्यावरचे दोघे फक्त हे सांगायला आले होते की आम्हाला लिफ्टच नको. ते सांगून ते चहा प्यायला थांबले. आत्या पहिल्या रांगेत काठी घेऊन बसली होती, सातव्या मजल्यापर्यंत लिफ्टने आणि पुढचा अर्धा जिना चेअरमनच्या मुलाने धरलेल्या खुर्चीतून.

पुतणीने नवं पान वाटलं. त्यात एकही आकडा आकड्यात नव्हता. सगळं अक्षरात लिहिलं होतं, आणि प्रत्येकाला त्याचं माप चिकटवलं होतं, म्हणजे कुणी पट्टी घेऊन रकाना आखायला बसलाच तर त्याला आधी शब्द सोलावे लागतील.

वर ठळक: 'शिफारस: मोटर, दोर आणि पॅनल नवं घ्यावं, डबा जुना ठेवावा.' खाली प्रत्येक पर्यायासाठी तीनच गोष्टी. तीस घरांत वाटलं तर तुमच्या घराने आत्ता किती भरायचे. दहा वर्षांचा सगळा खर्च धरला तर तुमच्या घराला महिन्याला किती. आणि जिन्याने किती दिवस.

"मोठ्याने वाच," हेडमास्तर म्हणाले. "सगळ्यांनी चष्मे आणलेले नाहीत."

तिने वाचलं. "डागडुजी. प्रत्येक घराने आत्ता दहा हजार. महिन्याला पडतील साधारण पाचशे त्र्याऐंशी. आत्ता पाच दिवस जिना, आणि नंतर दरवर्षी तीसेक दिवस, लिफ्टला वाटेल तेव्हा. दहा वर्षांत तीनशे पाच दिवस.

"मोटर-पॅनल. आत्ता तीस हजार. महिन्याला साधारण चारशे सतरा. आत्ता एकवीस दिवस जिना, नंतर वर्षाला चारेक दिवस. दहा वर्षांत एकसष्ट दिवस.

"नवी लिफ्ट. आत्ता त्रेसष्ट हजारांच्या थोडं वर. महिन्याला साधारण सहाशे सदुसष्ट. आत्ता चौऱ्याऐंशी दिवस जिना, सलग, म्हणजे बारा आठवडे. नंतर वर्षाला दोनेक दिवस. दहा वर्षांत एकशे चार दिवस."

तिने वर पाहिलं. एकशे चार. हे तिने मुद्दाम केलेलं नव्हतं, तो आकडा स्वतःहूनच परत आला होता.

"आणि गुण?" हेडमास्तरांनी विचारलं. त्यांच्या हातातलं लाल पेन हवेत अधांतरी होतं.

"गुण खाली एका ओळीत आहेत, सर. सगळ्यात सुरक्षित आणि चांगली नवी लिफ्टच. मोटर-पॅनल तिच्या अगदी जवळ. डागडुजी खूप मागे. पहिल्या दोघांतला फरक थोडा आहे, तेवढ्यासाठी नऊ लाख जास्त द्यायचे की नाही ते तुम्ही ठरवा."

"एक मिनिट," चेअरमन म्हणाला. तो पानाकडे बघत नव्हता. गच्चीच्या दाराकडे, जिन्याकडे बघत होता. "बारा आठवडे? मी? सात मजले?"

"हो."

"दिवसातून दोनदा?"

"भाजी विसरलात तर तीनदा."

"हे आधी का नाही सांगितलंस?"

"आधीच्या पानात होतं."

"कुठे?"

"पाच गुणांत," पुतणी म्हणाली. चेअरमनने तिच्याकडे अशा तुच्छतेने पाहिलं की तिला जवळजवळ आदर वाटला. शिवाय या एका बाबतीत त्याचं म्हणणं बरोबर होतं, आणि तेच तिला सगळ्यात जास्त लागलं.

"तीस वर्षांत मी असला हलगर्जीपणा पाहिला नाही," चेअरमन सभेला उद्देशून म्हणाला. "लोकांना महिनोन्महिने जिना चढायला लावणारी नवी लिफ्ट! कुणाची ही कल्पना? काल बोर्डावर पहिला क्रमांक कुणी दिला हिला?"

हेडमास्तरांनी पेनाला टोपण लावलं.

"पण आरसा?" मागून चेअरमनची बायको म्हणाली.

"आरसा जुन्या डब्यात लावता येतो," आत्या म्हणाली. "खिळा ठोकून. मी देते. माझ्या दुकानात आहे एक, तडा गेलेला. आपल्या सगळ्यांना पुरेल."

हात वर झाले. मोटर-पॅनल मंजूर. तळमजल्यावरच्या दोघांनी विरोधात मत दिलं आणि चहा घेऊन गेले, कपही घेऊन गेले. संध्याकाळी हेडमास्तरांनी इतिवृत्त लिहिलं. शेवटच्या ओळीत होतं: 'तीनशे पाच, एकसष्ट व एकशे चार, एकूण चारशे सत्तर दिवसांचा विचार करून सभेने एकमताने निर्णय घेतला.' पुतणीने ते वाचलं आणि सही केली. वाचून केली.

काम दोन महिन्यांनी सुरू झालं. लिफ्टवाल्याने एकवीस दिवस सांगितले होते. अठराव्या दिवशी तो म्हणाला, दोर आलेत पण चुकीच्या लांबीचे, ते नऊ मजल्यांचे आहेत. चेअरमनने विचारलं, जास्तीचे दोन मजले आपल्याला फुकट मिळतील का. बाविसाव्या दिवशी पुतणीने कॅलेंडरवर मालकाच्या करारातला तिसावा दिवस लाल केला. पेन तिने हेडमास्तरांकडून आणलं होतं.

त्या दिवसांत चेअरमन रोज पाचव्या मजल्यावर थांबायचा. सात मजले एका दमात जमत नसत. आत्याच्या दाराशी स्टूल होतं, त्यावर तो बसून धापा टाकायचा, आणि आत्या आतून म्हणायची, "नव्या लिफ्टचे बारा आठवडे असते तर आज कितवा दिवस असता, चेअरमन?"

"पुरे हो, आत्या."

"सव्विसावा. अजून अठ्ठावन्न उरले असते."

"तुमची ती पुतणी," चेअरमन घाम पुसत म्हणायचा, "तिला काही येत नाही. साधं एक पान दोनदा लिहावं लागलं."

"लागलं खरं," आत्या म्हणायची. तिने कधी पुतणीची बाजू घेतली नाही.

सत्ताविसाव्या दिवशी दुपारी लिफ्ट चालू झाली. आता ती तिसऱ्या मजल्यावर कण्हत नव्हती. आत्या काठी टेकत कोपऱ्यावर गेली, पुतणी मागून पिशवी घेऊन. दुकानासमोर जागेचा मालक आणि ज्यूसवाला उभे होते. ज्यूसवाल्याच्या हातात मोजपट्टी होती, आणि ती शटरच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणलेली होती.

"मावशी! तब्येत कशी आहे?" ज्यूसवाल्याने विचारलं.

"छान," आत्या म्हणाली. "धरून ठेव ती पट्टी, सोडू नकोस." तिने कुलूप काढलं, पुतणीने शटर वर ढकललं, आणि मोजपट्टी सळसळत ज्यूसवाल्याच्या मुठीत परत गेली.

आत शंभरेक घड्याळं शंभर वेगवेगळ्या वेळा दाखवत होती. आत्याने भिंग डोळ्याला लावलं.

"किती भरली रे रुंदी?" तिने बाहेर न बघताच विचारलं.

"सहा फूट दोन इंच."

"म्हणजे आठ," आत्या म्हणाली. "हेडमास्तरांना सांगते."